सात ‘के’ आणि तीन पूर्णविराम

एक फारसी वाक्य घेऊन बसू. ते कुठल्या पुस्तकातले नाही, वाचनासाठी मुद्दाम जुळवलेले आहे. तरी इराणमधल्या कुणाही म्हाताऱ्याच्या आठवणींत ते शोभेल अशा घाटणीचे आहे. देवनागरीत असे:

‘मीराबे पीरी के पेदरश हमान कसी बूद के कनात रा बाद अज सेल लायरूबी कर्दे बूद, ताजे आब रा बे बागे मा अंदाख्ते बूद के पेसरे कदखोदा रसीद ओ गोफ्त के पेदरश गोफ्ते अस्त आब रा बर्गर्दानद, के मेहमान दारंद ओ होझेशान खाली अस्त, दर हाली के हमे मीदानेस्तंद के आन शब नोबते मास्त.’

मराठीत त्याचा सांधा न सांधा जपून सांगायचे तर असे होईल: एक म्हातारा मिराब, ज्याचा बाप म्हणजे पुरानंतर कनातीतला गाळ उपसणारा तोच तो माणूस, त्याने नुकतेच पाणी आमच्या बागेत सोडले होते तोच गावप्रमुखाचा मुलगा आला आणि म्हणाला की बापाने सांगितले आहे पाणी परत फिरव, कारण त्यांच्याकडे पाहुणे आहेत आणि हौद रिकामा आहे, वास्तविक सगळ्यांना ठाऊक होते की त्या रात्री पाळी आमची आहे.

कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या उतरत्या बोगद्याने गावापर्यंत आणणारी वाट. वरून ठरावीक अंतराने विहिरीसारखे उभे खड्डे खणलेले असतात आणि त्यांतून उतरून माणसे गाळ उपसतात. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीची जातकुळी हीच. 2016 मध्ये युनेस्कोने इराणमधल्या 11 कनाती जागतिक वारशात घेतल्या. मिराब हा या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस, आपल्याकडच्या पाटकऱ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा.

वाक्यात सात वेळा ‘के’ आला आहे. फारसीच्या इंग्रजी अनुवादकाला पहिला धडा मिळतो तो असा, की ‘के’ दिसला की वाक्य तोडा. धडा चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हे सातही ‘के’ दिसायला एकसारखे असले तरी प्रत्येकाचा धंदा वेगळा आहे. मराठीत आपण त्यांतल्या फक्त दोघांना ‘की’ म्हटले. बाकीच्यांसाठी ज्याचा, तोच, कारण, वास्तविक असे निरनिराळे शब्द आपोआप आले, आणि दुसऱ्या ‘के’ला तर शब्दच लागला नाही, ‘उपसणारा’ या एका रूपात तो विरघळला. फारसी मात्र हे सगळे एकाच अक्षरावर निभावून नेते, आणि ऐकणारा कुठेही अडखळत नाही. तो का अडखळत नाही हे कळले, की इंग्रजीत कुठे तोडायचे तेही कळते.

पहिल्या दोन ‘के’पासून सुरुवात करू. ‘मीराबे पीरी के पेदरश’ इथला ‘पीरी’ मधला शेवटचा ‘ई’ महत्त्वाचा आहे. फारसीत नामानंतर हा ‘ई’ येऊन मग ‘के’ आला, तर पुढचे पोटवाक्य त्या माणसाची ओळख पटवते: अमुक असा एक, किंवा ज्याच्याबद्दल हे खरे आहे तोच. ‘मादरम, के लेबासे सोर्ख पूशीदे बूद’ म्हणजे ‘माझी आई, जिने लाल कपडे घातले होते’, यात ‘ई’ नाही, कारण आई कोणती हे सांगायची गरज नाही. लाल कपडे ही जाता जाता दिलेली माहिती. असा बिन-‘ई’चा ‘के’ अनुवादकाने निर्धास्तपणे तोडावा, इंग्रजीत वेगळे वाक्य केले तरी काही सांडत नाही. पण ‘जनी के लेबासे सोर्ख पूशीदे बूद’ म्हणजे ‘लाल कपडे घातलेली ती बाई’ हे तोडले, तर बाया अनेक आणि आपण कुणाबद्दल बोलतो आहोत हे वाचकाला कळणार नाही. तिथे इंग्रजीत ‘हू’ ठेवावाच लागतो, आणि त्यापूर्वी स्वल्पविरामही चालत नाही.

आपला मिराब या दोन्हींच्या मधला आहे. त्याच्यापुढे ‘ई’ आहे, पण तो अनेक मिराबांतून निवडलेला नाही. तो वाचकाला पहिल्यांदाच भेटतो आहे म्हणून ‘ई’ लागला आहे. म्हणजे हे पोटवाक्य निवड करत नाही, पात्राला रंगमंचावर आणते. अशा ‘के’ला इंग्रजीत सरळ विधान करता येते: ‘द मिराब वॉज ॲन ओल्ड मॅन.’ फारसीत जे विशेषण होते ते इंग्रजीत विधेय झाले. बोली जरा कोरडी झाली, पण पात्र उभे राहिले.

आता हे न तोडता नेले तर काय होते ते पाहा. शाळेत शिकवलेल्या रीतीने सरळ नेणारा लिहील: ‘ॲन ओल्ड मिराब हूज फादर वॉज द व्हेरी मॅन हू हॅड क्लिअर्ड द कनात आफ्टर द फ्लड हॅड जस्ट टर्न्ड द वॉटर...’ व्याकरणात हे बसते. पण ‘आफ्टर द फ्लड हॅड जस्ट’ इथे डोळा हमखास घसरतो. वाचकाला क्षणभर वाटते की पुरानेच काहीतरी नुकतेच केले होते, मग तो मागे जातो, मिराबापर्यंत पोहोचतो आणि पुन्हा पुढे येतो. फारसी वाचकावर ही पाळी कधीच येत नाही, कारण फारसीत पोटवाक्याचे क्रियापद शेवटी असते. ‘लायरूबी कर्दे बूद’ ऐकले की ते पोटवाक्य संपले हे कानाला कळते. क्रियापद हे जणू प्रत्येक खोलीचे दार असते. ते लागल्याचा आवाज आला की आपण बाहेरच्या खोलीत आलो. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जाते आणि मागे कर्म, वेळ, जागा यांचे शेपूट उरते. ते कुठे संपले हे वाचकाला ताडावे लागते. म्हणून तोडायचे ते वाक्य लांब आहे म्हणून नव्हे. इंग्रजीत दीडशे शब्दांचे वाक्यही सुखाने चालते, शेवटाकडे उलगडत जाणारे असेल तर. तोडायचे ते जिथे एक वाक्य दुसऱ्याच्या पोटात शिरले आहे आणि त्याचा शेवट इंग्रजीत दिसत नाही तिथे.

यातून एक गंमत निघते. आपल्या वाक्यात सगळ्यात निकडीचा पूर्णविराम जिथे हवा तिथे ‘के’ नाहीच. तो ‘कर्दे बूद’ नंतर हवा, जिथे फारसीत नुसता स्वल्पविराम आहे, आणि जुन्या हस्तलिखितांत तोही नसायचा. ‘के’ शोधत फिरणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच जागा सुटते.

दुसरा ‘के’ मात्र तोडू नये असे मला वाटते. ‘हमान कसी बूद के’ यात ‘हमान’ म्हणजे ‘तोच तो’. गावात सगळ्यांना ठाऊक असलेला, पुरानंतर कनातीत उतरलेला माणूस. ‘हिज फादर क्लिअर्ड द कनात’ एवढे लिहिले तर वस्तुस्थिती येते, पण तो ‘हमान’ हरवतो. इंग्रजीकडे याला एक छान साधन आहे: ‘इट वॉज हिज फादर हू हॅड क्लिअर्ड द कनात आफ्टर द फ्लड.’ वाक्याचा जोर बापावर येतो. आणि बापावर जोर का हवा, ते या वाक्याचे खरे रहस्य आहे.

कारण या वाक्यात दोन बाप आणि दोन मुलगे आहेत. एका बाजूला गाळ उपसणाऱ्याचा मुलगा, आता स्वतः म्हातारा. दुसऱ्या बाजूला गावप्रमुखाचा मुलगा. दोघेही बापाच्या नावावर उभे आहेत. एकाच्या बापाने पाणी आणले, दुसऱ्याचा बाप पाणी मागतो. फारसीत हे दोन्ही ‘पेदरश’ सारख्याच रूपात येतात. ‘अश’ या प्रत्ययाला ना लिंग, ना कोणाचा हे सांगण्याची सक्ती. संदर्भाने ऐकणारा बरोबर लावतो. इंग्रजीत तोडताना अनेक अनुवादक दुसऱ्या ‘फादर’च्या जागी ‘द हेडमन’ लिहून मोकळे होतात, कारण गोंधळ टळतो. टळतो खरा, पण दोन बापांची ती समोरासमोरची उभारणीही मोडते. म्हणून ‘फादर’ दोन्ही ठिकाणी ठेवायचा आणि गोंधळ दुसऱ्या वाटेने टाळायचा. पहिल्या बापाच्या वाक्यानंतर ‘ही’ म्हटले तर तो बापालाच लागू होईल, म्हणून ‘द ओल्ड मॅन’ असे पुन्हा नाव घ्यायचे. सर्वनामांचा हा हिशेब वाक्य तोडण्याचा खरा खर्च आहे. सलग वाक्यात कर्ता एकच राहतो, तुकड्यात प्रत्येक वेळी तो नव्याने सांगावा लागतो.

तिसऱ्या ‘के’पाशी मात्र हात थांबला पाहिजे. ‘ताजे आब रा अंदाख्ते बूद के पेसरे कदखोदा रसीद.’ नुकतेच सोडले होते तोच मुलगा आला. यातली मुख्य घटना ‘के’च्या आधी नाही, नंतर आहे. व्याकरणाने पाहिले तर ‘पाणी सोडले होते’ हे प्रधान वाक्य आणि ‘मुलगा आला’ हे गौण. अर्थाने नेमके उलटे. पाणी सोडणे ही पार्श्वभूमी आणि मुलाचे येणे हा धक्का. लॅटिनच्या व्याकरणकारांनाही ही उलटी रचना ठाऊक होती, आणि त्यांनी तिला वेगळे नावही दिले. फारसी गोष्टींत ती पावलोपावली भेटते. दार उघडत होतो के टेलिफोन वाजला, झोप लागत होती के कुणी हाक मारली. इथे पूर्णविराम टाकून ‘द ओल्ड मॅन हॅड जस्ट टर्न्ड द वॉटर इंटू अवर गार्डन. द हेडमन्स सन अराइव्ह्ड.’ असे केले, की दोन घटना शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि त्यांच्यातली ठिणगी विझते. ‘सडनली’ घालून ती परत पेटत नाही. ‘हॅड जस्ट... व्हेन’ ही इंग्रजीतली जोडी नेमकी याच कामाची आहे, ती तशीच ठेवावी. या ‘के’वर घाव घातलेला अनुवाद ओळखणे सोपे असते: क्रिया साऱ्या बरोबर, काळ बरोबर, आणि तरीही प्रसंग पोलीस पंचनाम्यासारखा लागतो.

चौथा ‘गोफ्त के’, म्हणजे ‘म्हणाला की’. हा मराठी माणसाला सगळ्यात ओळखीचा, कारण आपला ‘की’ याच घराण्यातला. फारसीतून तो आला आणि आपल्या वाक्याच्या मध्यभागी बसला. ओळखीमुळेच इथे एक सापळा आपल्याला चटकन कळतो, जो इंग्रज वाचकाला कळत नाही. फारसी ‘के’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसेही येऊ शकतात. ‘हसन गोफ्त के मन फर्दा मीआयम’, हसन म्हणाला की मी उद्या येतो. ‘मी’ म्हणजे हसन. मराठीतही तसेच. पण ‘हसन सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ म्हटले की इंग्रजीत येणारा हसन राहत नाही, सांगणारा होतो. तेव्हा ‘गोफ्त के’ दिसला की पुढच्या क्रियापदाचा पुरुष आधी पाहायचा. आपल्या वाक्यात ‘मेहमान दारंद’ आहे, ‘त्यांच्याकडे पाहुणे आहेत’, म्हणजे निवेदकाने मुलाचे बोलणे स्वतःच्या तोंडून सांगितले आहे. तिथे ‘मेहमान दारीम’, ‘आमच्याकडे पाहुणे आहेत’ असे असते, तर मुलाचा आवाज थेट आला असता. मग इंग्रजीत अवतरणचिन्हे उघडावी लागली असती, आणि वाक्य तिथे आपोआप तुटले असते.

या चौथ्या ‘के’नंतर एक आठवा लपला आहे. ‘पेदरश गोफ्ते अस्त आब रा बर्गर्दानद’, बापाने सांगितले आहे पाणी फिरव. दुसऱ्या ‘सांगितले’नंतर ‘के’ गाळला आहे, कारण लागोपाठ दोन ‘के’ कानाला बोचतात. म्हणून ‘के’ मोजून वाक्याचे सांधे मोजता येत नाहीत. उलट, बोलण्यातला ‘मन के गोफ्तम!’ म्हणजे ‘मी तर सांगितले होते!’, यात ‘के’ आहे पण सांधा मुळीच नाही. नुसता ठसका आहे. नवशिका तिथे ‘आय हू सेड’ असले काहीतरी करून ठेवतो.

‘म्हणाला की बापाने सांगितले आहे’ या दुहेरी सांगण्यात मुलाचा स्वभाव आहे. तो स्वतः काही मागत नाही. निरोप आणतो आणि जबाबदारी बापावर टाकतो. ‘ऑर्डर्ड द ओल्ड मॅन टू टर्न इट बॅक’ असे आटोपशीर केले, तर मुलगा एकाएकी दांडगा होतो. ‘सेड दॅट हिज फादर वाँटेड इट टर्न्ड बॅक’ यात ‘सेड’ एकदाच येतो, पण दोन तोंडे शाबूत राहतात.

पाचवा ‘के’ कारणाचा: ‘बर्गर्दानद, के मेहमान दारंद’. हा हलका, किंचित तक्रारीचा. ‘चून’ किंवा ‘जीरा’ असे जड शब्द न वापरता दिलेले कारण, जणू ते सांगायलाच नको इतके उघड आहे. इंग्रजीत ‘बिकॉज’ टाकला की ते युक्तिवादासारखे होते, ‘फॉर’ टाकला की जुनाट. इथे सगळ्यात नेमके काम करतो तो पूर्णविराम. ‘दे हॅड गेस्ट्स, अँड देअर पूल वॉज एम्प्टी.’ वाचक स्वतःच समजतो की हे मागणीचे कारण आहे, आणि ते मुलाच्या तोंडचे आहे हेही समजतो. शेजारी ठेवण्यानेच कारण सांगितले जाते. या वाक्यातला ‘अँड’ सोडू नये. पाहुणे आणि रिकामा हौद ही दोन कारणे एका दमात सांगितलेली आहेत, दुसरे पहिल्याच्या आधाराला आलेले.

सहावा ‘दर हाली के’. कोशात याच्यासमोर ‘व्हाइल’, ‘व्हेअरअॅज’ आणि ‘ऑलदो’ सापडतात, आणि तिन्ही इथे निकामी आहेत. ‘...देअर पूल वॉज एम्प्टी, ऑलदो एव्हरीवन न्यू’ असे लिहिले तर ‘ऑलदो’ जवळच्या वाक्याला चिकटतो आणि अर्थ असा होतो, की सगळ्यांना ठाऊक असूनही हौद रिकामा होता. फारसीत ‘दर हाली के’ मागच्या साऱ्या प्रसंगाला उद्देशून येतो: हे सगळे चालले होते, आणि वास्तव काय, तर हे. म्हणजे निवेदक आता पहिल्यांदा स्वतः बोलतो आहे. इतका वेळ त्याने काही मत दिले नव्हते. इंग्रजीत त्याला नवे वाक्यच हवे, आणि सुरुवातीला ‘बट’सुद्धा नको. ‘बट’ने तो वाद घालायला लागतो. पूर्णविरामानंतर शांतपणे ‘एव्हरीवन न्यू’ म्हटले की विरोध अधिक धारदार होतो.

सातवा पुन्हा ‘की’: ‘मीदानेस्तंद के आन शब नोबते मास्त.’ इथे काळाकडे पाहा. ‘ठाऊक होते’ भूतकाळ, ‘पाळी आमची आहे’ वर्तमान. फारसी आणि मराठी दोघीही ज्याला जे जसे ठाऊक होते ते त्याच्या त्या क्षणातून सांगतात. इंग्रजीला ‘वॉज’ करावेच लागते, नाहीतर ती पाळी आजही चालू आहे असे वाटते. यात थोडे नुकसान आहे. ‘मास्त’ मध्ये एक हट्टी, अजून न मिटलेली मालकी आहे, ती ‘वॉज’ मध्ये बोथट होते. भरपाई शब्दक्रमाने करता येते. फारसी वाक्य ‘आमची’ या शब्दावर संपते. इंग्रजीत सहज सुचते ते ‘इट वॉज अवर टर्न दॅट नाइट, अँड एव्हरीवन न्यू इट’. वाचायला चुणचुणीत, पण शेवटचा भार ‘न्यू इट’ वर गेला. ‘एव्हरीवन न्यू दॅट द टर्न दॅट नाइट वॉज अवर्स’ जरा ओबडधोबड असले तरी ‘अवर्स’ वर टेकते, म्हणून तेच घ्यावे. दोन ‘दॅट’ जवळ आले आहेत खरे. एखादा संपादक त्यावर रेघ मारील, त्याच्याशी भांडायला हरकत नाही.

सगळे एकत्र असे होते:

‘द मिराब वॉज ॲन ओल्ड मॅन. इट वॉज हिज फादर हू हॅड क्लिअर्ड द कनात आफ्टर द फ्लड. द ओल्ड मॅन हॅड जस्ट टर्न्ड द वॉटर इंटू अवर गार्डन व्हेन द हेडमन्स सन अराइव्ह्ड अँड सेड दॅट हिज फादर वाँटेड इट टर्न्ड बॅक. दे हॅड गेस्ट्स, अँड देअर पूल वॉज एम्प्टी. एव्हरीवन न्यू दॅट द टर्न दॅट नाइट वॉज अवर्स.’

पाच वाक्ये झाली. सात ‘के’पैकी पहिल्या, पाचव्या आणि सहाव्याच्या जागी पूर्णविराम आला. बाकीचे चार ‘हू’, ‘व्हेन’ आणि दोन ‘दॅट’ होऊन टिकले. चौथा पूर्णविराम मात्र जिथे ‘के’ नव्हता तिथे पडला. लांबीही सारखी नाही. दोन आखूड, एक लांब, मग पुन्हा दोन आखूड. ती लांबी प्रसंगामागे गेली आहे. मुलगा येतो तिथे वाक्य पळते. सातही ठिकाणी तोडून सगळी वाक्ये एका मापाची केली असती, तर पहिलीच्या वाचनपाठमालेसारखे काहीतरी झाले असते, आणि इंग्रज वाचकाला वाटले असते की मूळ लेखकच बाळबोध आहे. तोडण्याचे पाप अनुवादकाचे आणि शिक्षा लेखकाला, असे बऱ्याच फारसी गद्याचे झाले आहे.

कथेत हे निभावते. इतिहासाच्या कागदांत मात्र हाच पूर्णविराम दगा देतो, आणि तो आपल्या फार जवळचा विषय आहे, कारण मराठ्यांच्या इतिहासाची बरीच साधने फारसीत आहेत. मोगल दरबारच्या अखबारांची एक ठरलेली घडण असते: बअर्ज रसीद कि, म्हणजे ‘हुजुरात अर्ज पोहोचला की’, आणि मग हुकूम शुद कि, ‘हुकूम झाला की’. (हिंदुस्थानच्या फारसीत ‘के’चा उच्चार ‘कि’, तोच आपल्याकडे आला.) या दोन ‘कि’च्या मध्ये जे येते ते कुणीतरी कळवलेले असते, अखबार लिहिणाऱ्याने पाहिलेले नसते.

समजा नोंद अशी आहे: अर्ज पोहोचला की मराठ्यांची एक फौज, की जिच्यात तीन हजार स्वार आहेत, नदी उतरली आहे की किल्ल्याला वेढा घालावा. स्वच्छ इंग्रजी करण्याच्या नादात कुणी लिहितो: ‘इट वॉज रिपोर्टेड दॅट अ मराठा फोर्स हॅड क्रॉस्ड द रिव्हर. इट हॅड थ्री थाउजंड हॉर्स. इट मेंट टू बिसीज द फोर्ट.’ तिन्ही वाक्ये सुबक आहेत. पण पहिल्या पूर्णविरामापाशी ‘कळवले गेले’ची सावली संपली. तीन हजार हा कुणा घाबरलेल्या ठाणेदाराचा अंदाज होता, तो आता आकडा झाला. वेढ्याचा बेत हा त्याचा तर्क होता, तो आता मराठ्यांचा हेतू झाला. पुढे कुणी अभ्यासक इंग्रजीवरून टीप काढणार, तिच्यात ‘रिपोर्टेड’ येणारच नाही, आणि तीन हजार स्वार पुस्तकातून पुस्तकात फिरत राहणार.

मराठीत अशा वेळी ‘म्हणे’ हा एक शब्द कितीही वाक्यांवर सावली धरतो. फौज नदी उतरली म्हणे, तीन हजार स्वार आहेत म्हणे. इंग्रजीत ‘रिपोर्टेडली’ दर वाक्यात घातला तर वाचणाऱ्याला जांभई येते. तेव्हा इथे तोडण्याऐवजी आक्रसणे बरे. आकड्याचे पोटवाक्य एका छोट्या पदात मिटवायचे, हेतूचे क्रियापदाच्या साध्या रूपात: ‘अ रिपोर्ट केम इन: अ मराठा फोर्स ऑफ थ्री थाउजंड हॉर्स हॅड क्रॉस्ड द रिव्हर टू बिसीज द फोर्ट.’ आणि पुढे, नव्या ओळीवर, ‘द ऑर्डर वेंट आउट:’ असे म्हणून हुकूम. अपूर्णविरामानंतर जे आहे ते सारे अर्जाच्या तोंडचे, पूर्णविराम पडला की अर्ज संपला. इथे ‘कि’ची हद्द आणि वाक्याची हद्द एकच झाली. कसोटीही सोपी आहे. इंग्रजीतले प्रत्येक वाक्य एकटे काढून वाचायचे आणि विचारायचे, की हे मूळ लेखक स्वतःच्या जबाबदारीवर म्हणाला होता का? नसेल, तर त्याच्याआधीचा पूर्णविराम खोडायचा.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’चे गद्य म्हणजे दरबारी फारसीची कमाल. बादशहाचे नाव येण्याआधी विशेषणांची आणि पोटवाक्यांची मिरवणूक निघते. हेन्री बेव्हरिजने त्याचे इंग्रजी केले, ते ‘बिब्लिओथिका इंडिका’ मालेत 1897 पासून येऊ लागले आणि शेवटचा खंड पुरा व्हायला 1939 उजाडले; स्वतः बेव्हरिज 1929 मध्येच वारला होता. त्याने फारसीचा माग जवळून धरला. त्यामुळे त्याचे इंग्रजी ठिकठिकाणी दमछाक करते, पण कोणते पोटवाक्य कुणाच्या पोटात होते हे त्यावरून बरेचसे उलटे लावता येते. व्हीलर थॅक्स्टनचा अनुवाद मूर्ती क्लासिकल लायब्ररीत 2015 पासून निघाला. त्याचे इंग्रजी आजचे आणि मोकळे आहे, आणि समोरच्या पानावर फारसी मूळ छापलेले आहे.

ही समोरची फारसी मला निर्णायक वाटते. मूळ शेजारी असले की अनुवादकाला तोडण्याची मुभा जास्त मिळते, कारण सांधा पाहायचा असेल त्याने मान वळवावी. बेव्हरिजपाशी ती सोय नव्हती. त्याच्या वाचकाला फारसीचा सगळा डोलारा इंग्रजीतच दाखवायचा होता. म्हणून त्याच्या लांबट वाक्यांना नुसते अवजड म्हणून हसणे मला पटत नाही. पण मिरवणुकीच्या जागी मी तरी बेव्हरिजच्याच बाजूला उभा राहीन. बादशहाच्या स्तुतीची ओळ तोडून ‘ही वॉज वाइज. ही वॉज जस्ट.’ असे केले, तर माहिती सगळी येते आणि दरबार उठून जातो. तिथे लांबी हाच मुजरा आहे: बोलणाऱ्याने श्वास न घेता बोलायचे आणि नाव अगदी शेवटी उच्चारायचे. अशा वाक्यात इंग्रजीला एवढेच करता येते, की पोटात शिरलेली पोटवाक्ये बाहेर काढून एकापुढे एक रांगेत लावायची, ‘हू’ मागून ‘हू’, स्वल्पविरामांनी वेगळी, आणि मुख्य क्रियापद त्या रांगेच्या आधी ठेवायचे, म्हणजे कुठल्याच पोटवाक्याचा शेवट वाचकाला शोधावा लागत नाही आणि वाक्यही एकच राहते. आणि त्याच पानावर मुजरा आटोपून फौजेची कूच सुरू झाली, की पुन्हा पूर्णविराम हातात घ्यायचा.